पंधरा, पण अधिक की उणे?

अंतर्वक्र आरशाचे नाभीय अंतर १५ सेंटिमीटर आहे. त्याच्यासमोर १० सेंटिमीटरवर मेणबत्ती ठेवली, तर तिची प्रतिमा कुठे मिळेल? प्रकाशाच्या धड्यात असले उदाहरण ठरलेलेच. एखाद्या वर्गाच्या वह्या गोळा करून बघा, याची चार उत्तरे हमखास सापडतील: +३०, −३०, +६ आणि −६. गंमत म्हणजे चौघांचेही सूत्र बरोबर असते, लसावि बरोबर असतो, गुणाकार-भागाकारही चोख असतात. फरक असतो तो फक्त किमती घालताना कोणत्या आकड्यामागे कोणते चिन्ह लावले, याचा. आणि त्या फरकाने एकाची मेणबत्ती आरशामागे तिप्पट मोठी होऊन उभी राहते, तर दुसऱ्याची आरशापुढे सहा सेंटिमीटरवर निम्म्याहून थोडी मोठी दिसते.

आता हे सोडवूनच पाहू. आरशाचे सूत्र १/v + १/u = १/f. इथे u म्हणजे वस्तूचे अंतर, v म्हणजे प्रतिमेचे आणि f म्हणजे नाभीय अंतर, तिन्ही आरशाच्या ध्रुवापासून मोजलेली. पुस्तकातला चिन्ह संकेत सांगतो, की वस्तू नेहमी डावीकडे ठेवा, म्हणजे प्रकाश डावीकडून उजवीकडे जाईल. ध्रुव हा शून्य. त्याच्या उजवीकडची अंतरे धन, डावीकडची ऋण. मुख्य अक्षाच्या वरची उंची धन, खालची ऋण. संकेत एवढाच आहे. मेणबत्ती डावीकडे, म्हणून u = −१०. अंतर्वक्र आरशाची नाभी त्याच्या पुढे, म्हणजे डावीकडेच, म्हणून f = −१५. मग

१/v = १/f − १/u = −१/१५ + १/१० = १/३०

म्हणजे v = +३०. प्रतिमा उजवीकडे, आरशाच्या मागे ३० सेंटिमीटरवर. विशालन M = −v/u = −३०/(−१०) = +३. तिप्पट मोठी, सुलट, आभासी. दाढी करायचा किंवा मेकअपचा मोठे दाखवणारा आरसा चेहऱ्याजवळ धरल्यावर दिसते तीच ही प्रतिमा.

उरलेली तीन उत्तरे कशी येतात, ते बघण्यासारखे आहे. ज्याने f = +१५ घेतले, त्याला १/१५ + १/१०, म्हणजे १/६ मिळाले आणि v आले +६. ज्याने u = −१० असे वरती नीट लिहिले, पण सूत्रात घालताना कंस दिला नाही, त्याचे ‘वजा वजा अधिक’ व्हायचे राहून गेले. त्याने −१/१५ − १/१० केले आणि उत्तर आले −६. ज्याने चिन्हांचा विचारच केला नाही, सरळ १० आणि १५ टाकले, त्याला १/१५ − १/१०, म्हणजे v = −३० मिळाले. ऋण दिसताच त्याने पाठ केलेले वाक्य लिहिले: ‘प्रतिमा आरशासमोर ३० सेंटिमीटरवर, वास्तव.’ मग विशालन काढले, −(−३०)/१० = +३. वास्तव प्रतिमा आणि विशालन धन, म्हणजे सुलट! एकाच आरशाने दिलेली वास्तव प्रतिमा सुलट असूच शकत नाही. दोन ओळींनी एकमेकींना खोटे पाडले, तरी खाली दुहेरी रेघ ओढलेली असते.

यातले +६ हे उत्तर मला सगळ्यांत धोक्याचे वाटते, कारण ते पूर्णपणे सुसंगत आहे. v धन, विशालन −६/(−१०) = +०.६, प्रतिमा आभासी, सुलट, लहान. कुठेही विसंगती नाही. ते चूक आहे एवढ्याचसाठी, की ते दुसऱ्याच आरशाचे उत्तर आहे. पंधरा सेंटिमीटर नाभीय अंतराच्या बहिर्वक्र आरशासमोर मेणबत्ती ठेवली असती, तर बरोबर हेच घडले असते. f चे चिन्ह बदलले की मुलाच्या नकळत आरसाच बदलतो.

आता पडताळ्याकडे या. ‘उत्तर तपासा’ म्हटले की बहुतेक मुले v ची किंमत परत सूत्रात घालतात. +६ वाला काय करेल? १/६ + १/(−१०) = १/१५. बरोबर जुळले! त्याने f = +१५ च घेतले होते. −६ वाला u = +१० धरून ताळा करेल आणि त्याचेही जुळेल. −३० वाल्याचे तर जुळणारच. चौघांचा ताळा चोख, आणि तिघांची उत्तरे चूक. असा ताळा फक्त आकडेमोडीतली चूक पकडतो. चिन्हाची चूक आकडेमोड सुरू होण्याआधीच होऊन गेलेली असते आणि ताळ्यातही तीच चुकीची किंमत पुन्हा वापरली जाते. हिशेबनीसाने स्वतःच लिहिलेली खातेवही स्वतःच तपासावी, तसे ते होते. म्हणून पडताळा असा हवा, की ज्यात चिन्ह संकेत वापरावाच लागत नाही.

असा पडताळा आहे. त्याला न्यूटनचे सूत्र म्हणतात आणि बारावीच्या पुढे शिकलेल्यांनाच ते बहुधा माहीत असते, हे दुर्दैव; कारण दहावीच्या मुलाला ते दोन मिनिटांत समजते. यात अंतरे ध्रुवापासून न मोजता नाभीपासून मोजायची. वस्तू नाभीपासून किती दूर, प्रतिमा नाभीपासून किती दूर, या दोन अंतरांचा गुणाकार नाभीय अंतराच्या वर्गाएवढा येतो. नाभीतून जाणारा किरण काढला, की जे दोन समरूप त्रिकोण तयार होतात त्यांतूनच हे निघते. चिन्हांची गरज नाही, फक्त एक आडवी रेघ आणि तिच्यावर तीन-चार टिंबे लागतात.

आपल्या उदाहरणासाठी रेघ काढा. आरसा उभा करा. अंतर्वक्र आहे, म्हणून नाभी आरशापुढे १५ सेंटिमीटरवर. हे टिंब आरसा बघून द्यायचे, सूत्रातले f बघून नाही. पडताळ्याचा सगळा जोर इथेच आहे. मेणबत्ती आरशापुढे १० वर, म्हणजे नाभीपासून ५ वर, आरशाच्या बाजूला. आता एकेक उत्तर रेघेवर ठेवून बघू. +३०, म्हणजे आरशामागे ३०. नाभीपासून अंतर १५ + ३० = ४५. गुणाकार ५ × ४५ = २२५, आणि १५ चा वर्गही २२५. जुळले. −३०, म्हणजे आरशापुढे ३०, नाभीपासून १५. गुणाकार ७५. बाद. +६, आरशामागे ६, नाभीपासून २१. गुणाकार १०५. बाद. −६, आरशापुढे ६, नाभीपासून ९. गुणाकार ४५. तेही बाद. जुन्या ताळ्याने चारही उत्तरे पास केली होती, या ताळ्याने एकच ठेवले.

सोबत एक अट पाळायची: आरशाच्या बाबतीत वस्तू आणि प्रतिमा नाभीच्या एकाच बाजूला असायला हव्यात. इथे मेणबत्ती नाभीवरून आरशाकडे सरकलेली आहे आणि प्रतिमाही त्याच दिशेला, आरशाच्या पार पलीकडे आहे. ठीक. शिवाय विशालनही फुकटात मिळते. नाभीय अंतर भागिले वस्तूचे नाभीपासूनचे अंतर, १५/५ = ३. प्रतिमेचे नाभीपासूनचे अंतर भागिले नाभीय अंतर, ४५/१५ = ३. दोन्ही सारखी आली पाहिजेत आणि सूत्राने काढलेल्या विशालनाशी जुळली पाहिजेत.

हे सगळे वाचून एखादे पालक म्हणतील, ‘आमच्या वेळी असली भानगड नव्हती. वास्तव ते अधिक, आभासी ते उणे, संपले.’ त्यांचेही खरे आहे. तो वेगळा संकेत आहे. त्यात खरोखरच्या वस्तूचे अंतर धन धरतात, वास्तव प्रतिमेचे धन, आभासी प्रतिमेचे ऋण, आणि अंतर्वक्र आरसा व बहिर्वक्र भिंग या दोघांचे नाभीय अंतर धन. आरसा असो की भिंग, सूत्र एकच: १/v + १/u = १/f. ब्रिटनच्या शाळांत हा संकेत अजून भेटतो. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या नेहमीच्या पाठ्यपुस्तकांतही वस्तूचे अंतर धन धरूनच सुरुवात होते. त्यामुळे लंडनचा मामा व्हिडिओ कॉलवर भाचीला उदाहरण समजावतो, किंवा मुलगा परदेशातल्या शिक्षकाचा व्हिडिओ बघून अभ्यास करतो, तेव्हा घोटाळा ठरलेला. वर −३० लिहिणारा मुलगा नकळत याच संकेतात गणित करत होता. त्या संकेतात −३० चा अर्थ ‘आभासी, आरशामागे’ असा होतो, आणि ते बरोबर आहे! त्याने गणित केले एका संकेतात आणि उत्तर वाचले दुसऱ्यात. दोन्हीपैकी कोणताही संकेत चूक नाही. चूक आहे ती मध्येच गाडी बदलण्याची. बोर्डाची परीक्षा द्यायची असेल, तर कार्टेशियन संकेतच धरावा आणि व्हिडिओ बघताना पहिल्या मिनिटात u धन आहे की ऋण, एवढे पाहून घ्यावे.

जाता जाता, या संकेताला ज्यांचे नाव आहे त्या रने देकार्त यांनी १६३७ साली एकाच पुस्तकाला जोडून भूमिती आणि प्रकाशाचे अपवर्तन या दोन्हींवर निबंध छापले होते. म्हणजे आलेख आणि भिंगे तिथे शेजारी शेजारीच होती. पण समीकरणाच्या ऋण उत्तरांना देकार्त स्वतः ‘खोटी’ म्हणत. आपली मुले त्यांच्याच नावाच्या संकेतात उणे चिन्हांशी झुंजतात, हे त्यांना कळते तर काय वाटले असते कोण जाणे.

आरशातून भिंगाकडे वळताना पुढची मोठी चूक होते. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात आरसे नववीत येतात आणि भिंगे दहावीत. मधल्या वर्षात सूत्र डोक्यात मुरलेले असते ते आरशाचे, बेरजेचे. भिंगाचे सूत्र मात्र वजाबाकीचे आहे: १/v − १/u = १/f. विशालनातही तसेच; आरशाला M = −v/u, भिंगाला M = v/u, उणे चिन्ह नाही. मुले ही जोडी घोकतात आणि ऐन परीक्षेत अदलाबदल करतात. घोकण्यापेक्षा कारण समजून घेतले, तर बरे. प्रकाश जिथे खरोखर पोहोचतो, तिथेच वास्तव प्रतिमा मिळते. पडदा धरला, तर तिथेच चित्र उमटते. आरशावर आदळून प्रकाश माघारी डावीकडे वळतो, म्हणून आरशाची वास्तव प्रतिमा डावीकडे, v ऋण. भिंगातून प्रकाश आरपार उजवीकडे जातो, म्हणून भिंगाची वास्तव प्रतिमा उजवीकडे, v धन. ‘v ऋण म्हणजे वास्तव’ हे वाक्य आरशापुरतेच खरे आहे. ते भिंगाला लावले, की प्रतिमेचे सगळे वर्णन उलटे होते. चिन्ह फक्त जागा सांगते, वास्तव की आभासी हे प्रकाशाची वाट सांगते. विशालनाच्या सूत्रातले उणे चिन्हही यासाठीच आहे, की दोन्हीकडे वास्तव प्रतिमा उलट निघावी, M ऋण यावे.

समजा, बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर १० सेंटिमीटर आहे आणि ३० सेंटिमीटरवर छोटा दिवा आहे. u = −३०, f = +१०. भिंगाच्या सूत्राने १/v = १/१० − १/३० = १/१५, म्हणून v = +१५, विशालन १५/(−३०) = −०.५. उलट, निम्म्या आकाराची, वास्तव. आता चुकून आरशाचे सूत्र वापरले, तर १/v = १/१० + १/३०, आणि v येते ७.५. धन आहे, उजवीकडे आहे, वास्तवही म्हणता येईल. दिसायला काहीच वावगे नाही. मग पकडायचे कसे?

इथे एक मर्यादा माहीत असावी लागते. समोर खरी वस्तू असेल, तर बहिर्वक्र भिंग वास्तव प्रतिमा कधीच नाभीच्या आत देत नाही. वस्तू अगदी दूर असेल, तर प्रतिमा नाभीवर पडते आणि वस्तू जवळ येऊ लागली, की प्रतिमा नाभीपासून लांब लांब जाते. म्हणजे ७.५ हे उत्तर आकडेमोड न बघताच बाद; नाभी १० वर आहे. हे हाताने बघायचे असेल, तर साधे वाचनाचे भिंग घ्या, दुपारी खिडकीसमोरच्या भिंतीजवळ उभे राहा आणि भिंग भिंतीपासून मागेपुढे करा. एका अंतराला खिडकीबाहेरचे झाड भिंतीवर स्पष्ट उमटते, उलटे. ते अंतर म्हणजे जवळजवळ नाभीय अंतर. आता भिंतीकडे आणखी सरका. चित्र पसरट, अंधूक होते आणि कितीही जवळ नेले, तरी पुन्हा स्पष्ट होत नाही. आणखी एक मर्यादा याच भिंगाची: दिवा आणि पडदा यांच्यातले एकूण अंतर नाभीय अंतराच्या चौपटीहून कमी कधीच असत नाही. आपल्या उदाहरणात ३० + १५ = ४५, चौपट ४०; चालेल. ३० + ७.५ = ३७.५; चालणार नाही.

नाभीवरून मोजण्याचा पडताळा भिंगालाही लागू पडतो, मात्र भिंगाला दोन नाभी असतात, दोन्ही बाजूंना एकेक. बहिर्वक्र भिंगात वस्तूचे अंतर वस्तूच्या बाजूच्या नाभीपासून मोजायचे आणि प्रतिमेचे पलीकडच्या नाभीपासून. दिवा ३० वर, अलीकडची नाभी १० वर, अंतर २०. प्रतिमा १५ वर, पलीकडची नाभी १० वर, अंतर ५. गुणाकार १००, दहाचा वर्ग. ७.५ साठी गुणाकार २० × २.५ = ५० येतो. अंतर्वक्र भिंगात नाभींची अदलाबदल करायची: वस्तू पलीकडच्या नाभीपासून, प्रतिमा अलीकडच्या.

या अंतर्वक्र भिंगाने मुलांना आणखी एका ठिकाणी फसवलेले असते. उदाहरण असे: अंतर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर २० सेंटिमीटर, प्रतिमा भिंगापासून १२ सेंटिमीटरवर मिळते, तर वस्तू कुठे आहे? बारा कोणत्या बाजूला, हे उदाहरणात लिहिलेले नाही. मुलगा विचार करतो, भिंगातून प्रकाश पलीकडे जातो, म्हणून प्रतिमा पलीकडे, v = +१२. मग १/u = १/v − १/f = १/१२ + १/२०, आणि u निघते +७.५. वस्तू उजवीकडे! म्हणजे प्रकाश जिकडून यायचा, त्याच्या उलट बाजूला दिवा. दहावीच्या उदाहरणात u धन आले, की पेन खाली ठेवून वरून सुरुवात करावी. (पुढे दोन भिंगांच्या जोडणीत पहिल्या भिंगाची प्रतिमा दुसऱ्याची वस्तू होते, तेव्हा u धन येऊ शकते. एका भिंगाच्या, खऱ्या वस्तूच्या गणितात नाही.) खरे म्हणजे अंतर्वक्र भिंग प्रकाश पसरवते. खऱ्या वस्तूची वास्तव प्रतिमा ते देतच नाही. प्रतिमा वस्तूच्याच बाजूला, नाभीच्या आत, लहान आणि सुलट. म्हणून v = −१२, f = −२०. १/u = −१/१२ + १/२० = −१/३०, u = −३०. विशालन −१२/(−३०) = +०.४. पडताळा: वस्तू डावीकडे ३०, उजवीकडची नाभी २०, अंतर ५०. प्रतिमा डावीकडे १२, डावीकडची नाभी २०, अंतर ८. गुणाकार ४००. विसाचा वर्ग.

यातून दिसते ते असे, की चिन्ह पुष्कळदा आकड्यात नसते, उदाहरणाच्या शब्दांत असते. ‘पडद्यावर प्रतिमा मिळते’ म्हणजे वास्तव, म्हणजे उलट, म्हणजे विशालन ऋण. ‘सुलट’, ‘आभासी’, ‘आरशात मोठा चेहरा दिसतो’ म्हणजे विशालन धन. नुसते ‘तिप्पट मोठी प्रतिमा’ असे असेल, तर दोन उत्तरे शक्य आहेत. आपलाच १५ सेंटिमीटरचा अंतर्वक्र आरसा घ्या. सुलट तिप्पट हवी असेल, तर M = +३ आणि मेणबत्ती १० वर; हे आपण पाहिले. पडद्यावर तिप्पट हवी असेल, तर M = −३. मग v = ३u, आणि १/३u + १/u = ४/३u = −१/१५, म्हणून u = −२०, v = −६०. मेणबत्ती २० वर, पडदा ६० वर. जो मुलगा ‘तिप्पट’ वाचून डोळे मिटून M = ३ लिहितो, तो पडद्याच्या उदाहरणात १० हे उत्तर लिहून मोकळा होतो.

याच उदाहरणात दुहेरी चिन्हाचा घोळही होतो. मेणबत्ती २० वर दिली आहे, v काढायचे आहे. हुशार मुलाला आधीच माहीत असते, की प्रतिमा वास्तव आहे, आरशापुढे आहे. म्हणून तो सूत्रात v च्या जागी −v लिहितो. मग −१/v = −१/१५ + १/२० = −१/६०, आणि v = ६०. उत्तर धन दिसले, की लिहितो ‘आरशामागे ६० सेंटिमीटर, आभासी’. त्याला खरे उत्तर आधीच ठाऊक होते! ज्याची किंमत काढायची, त्या अक्षरामागे स्वतःहून चिन्ह लावायचे नाही. दिलेल्या किमतींना चिन्ह आपण द्यायचे, अज्ञात किमतीचे चिन्ह सूत्राला काढू द्यायचे.

एवढे झाले, की सोडवायची आणि तपासायची पद्धत जवळजवळ आपोआप ठरते. उदाहरण वाचून आधी आडवी रेघ. वस्तू डावीकडे, आरसा किंवा भिंग, आणि नाभी जिथे खरोखर असते तिथे. मग आकड्याला हात लावण्याआधी एका ओळीत अंदाज: ‘मेणबत्ती नाभीच्या आत, म्हणून प्रतिमा आभासी, सुलट, मोठी.’ हा अंदाज पेनाने लिहावा, मनात ठेवू नये. मनातला अंदाज उत्तर बघून बदलतो. त्यानंतर दिलेल्या किमती चिन्हांसकट एकाखाली एक. सूत्र आधी अक्षरांतच फिरवून घ्यावे, १/v = १/f − १/u असे, आणि मगच प्रत्येक ऋण किंमत कंसात घालावी: −१/(−१०). मघाचे −६ नेमके या कंसावाचून आले होते. उत्तर आले, की ते रेघेवर टिंबाने ठेवावे आणि नाभीपासून मोजून गुणाकार बघावा. शेवटी विशालनाचे चिन्ह आणि लिहिलेला अंदाज जुळतो का, हे पाहावे. सरावानंतर या सगळ्याला दीड-दोन मिनिटे जास्त लागतात. बहिर्वक्र आरसा आणि अंतर्वक्र भिंग असेल, तर कामही हलके, कारण त्यांचे उत्तर एकाच साच्याचे असते: प्रतिमा आभासी, सुलट, लहान आणि नाभीय अंतराच्या आत.

वस्तू बरोबर नाभीवर असेल, तर हा पडताळा चालत नाही. वस्तूचे नाभीपासूनचे अंतरच शून्य होते आणि प्रतिमा अनंत अंतरावर जाते. सूत्रातही तिथे १/v = ० येते. काही मुले यावरून v = ० लिहितात आणि प्रतिमा ध्रुवावर आणून ठेवतात; ते चूक आहे.

भिंगाच्या शक्तीचे गणित चिन्हांच्या दृष्टीने सोपे, पण एकक चुकते. P = १/f, आणि f मीटरमध्ये हवे. चष्म्याचा नंबर उणे अडीच असेल, तर f = १/(−२.५) = −०.४ मीटर, म्हणजे −४० सेंटिमीटर. उणे नंबर म्हणजे अंतर्वक्र भिंग, लांबचे नीट न दिसणाऱ्याचे. हे घरातल्या घरात तपासता येते. तो चष्मा छापील मजकुरापासून थोडा वर धरला, तर अक्षरे लहान दिसतात. अधिक नंबराच्या चष्म्यातून मोठी दिसतात. नंबर उणे लिहून भिंग बहिर्वक्र सांगणाऱ्या मुलाला हा चष्मा हातात द्यावा.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. बहिर्वक्र आरशाचे नाभीय अंतर २० सेंटिमीटर, वस्तू ३० सेंटिमीटरवर. एका वहीत v = −६० आहे, दुसऱ्या वहीत +१२. सूत्राला हात न लावता, फक्त रेघ काढून, नाभी आरशामागे ठेवून दोन्ही तपासा. पहिल्याचा गुणाकार ५० × ८० येईल, दुसऱ्याचा ५० × ८. हवे आहेत ४००. घरात दहावीचे मूल असेल, तर त्याच्या वहीतली सोडवलेली पाच उदाहरणे या रेघेवर एकदा ठेवून बघा.